उसनी वाघनखे, विकतची तलवार आणि न मांडलेला दावा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालयांचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी

महोदय,

मी सातारा जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करते. वाटपाचे दावे, वहिवाटीचे तंटे, कुणाची विहीर कुणाच्या बांधात गेली, असली कामे. त्यामुळे कुठलीही वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली हे कळले की ती कशी गेली, विकली, दिली, उसनी घेतली की बळकावली, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. हे पत्र त्याच खोडीतून लिहिते आहे.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्यात आली, तेव्हा रांगेत उभे राहून मीही पाहिली. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या एका लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार सरकारने ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. दोन्ही वेळा ‘ठेवा परत आला’ असा गजर झाला. माझी हरकत त्या शब्दाला आहे. वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर उसनी आली आहेत आणि तलवार आपण विकत घेतली आहे. लुटीचा माल म्हणून परत मागून मिळालेले यात काहीच नाही. वाघनखांची मुदत २०२७ मध्ये संपेल, ती परत जातील किंवा मुदत वाढेल, आणि पुन्हा मिरवणूक निघेल. त्याआधी हे कागदावर यावे म्हणून जाहीरपणे लिहिते आहे.

यात माझा स्वतःचा संबंध काय, तेही सांगते. जावळी खोऱ्यातल्या आमच्या गावच्या देवळात दसऱ्याला जुनी हत्यारे पूजेला काढतात. दोन तलवारी, एक कट्यार आणि एक दांडपट्टा. त्यातला पट्टा काही वर्षांपूर्वी देवळातून गेला. फिर्याद लिहून घेताना विचारणा झाली: फोटो आहे का, लांबी किती, काही लिहिलेले होते का? गावातल्या प्रत्येकाने तो पट्टा पाहिलेला होता, कित्येकांनी हातात धरलेला होता, पण यातल्या एकाही प्रश्नाला कुणाला उत्तर देता येईना. फिर्यादीत शेवटी ‘एक जुना लोखंडी पट्टा’ एवढेच उतरले. उद्या तो पट्टा जगातल्या कुठल्याही लिलावाच्या यादीत छापून आला, तरी तो आमचाच आहे हे मी कुठल्याच न्यायाधीशाला पटवू शकणार नाही. त्यानंतर उरलेल्या हत्यारांची तरी रीतसर नोंद करून घ्या म्हणून एका कार्यालयात अर्ज दिला. असा नमुना आमच्याकडे नाही, असे उत्तर आले.

आता तक्रारी.

पहिली तक्रार उसनवारीबद्दल. ठेव म्हणून किंवा वापरायला जो वस्तू घेतो, त्याला नंतर ‘देणाऱ्याला ती देण्याचा अधिकारच नव्हता’ असे म्हणता येत नाही. आपल्या पुरावा कायद्यातले हे जुने तत्त्व आहे आणि इंग्रजी कायद्यातही ते आहे. आपण वाघनखे उसनी घेतली आणि करारावर सही केली. त्या करारात ‘मालकीबाबतचे आमचे हक्क राखून’ अशी एक ओळ तरी आहे का? असेल तर ती जनतेला दाखवावी. नसेल, तर तीन वर्षे काचेत ठेवण्यासाठी आपण एक मुद्दा सोडून दिला आहे.

मुद्दा सोडला असे म्हणताना मी हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे की वाघनखांवरचा आपला दावा तसा कच्चाच आहे. त्यांच्या पेटीवर लिहिले आहे की ती पेशव्यांच्या प्रधानाने जेम्स ग्रँट डफ साताऱ्याचे रेसिडेंट असताना त्यांना दिली. ग्रँट डफ १८१८ ते १८२२ या काळात इथे होते. पुढे त्यांच्या वंशजांकडून ती संग्रहालयाला मिळाली. अफझलखानाच्या वेळची वाघनखे हीच, असे सिद्ध करता येत नाही, हे खुद्द ते संग्रहालयच सांगते, आणि आपल्याकडच्या इतिहास अभ्यासकांनीही तीच शंका उघडपणे मांडली. म्हणजे कागदावर ही लूट नाही, ही भेट आहे. ज्याचे राज्य नुकतेच बुडाले त्याच्या प्रधानाने जिंकणाऱ्याच्या रेसिडेंटला दिलेली भेट कितपत खुशीची, हा प्रश्न रास्तच आहे. पण तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. लुटलेली वस्तू, दबावाखाली दिलेला नजराणा आणि पुढे कुणा वारसाने पैशासाठी विकलेली वस्तू, या तिघींना एकाच गाठोड्यात बांधून ‘परत द्या’ म्हटले की समोरचा वकील नेमकी सर्वांत कच्ची वस्तू उचलतो आणि तिच्या जोरावर तिन्ही दावे उडवतो. आपण गाजावाजासाठी निवडली ती नेमकी कच्चीच वस्तू.

दुसरी तक्रार खरेदीबद्दल, आणि ती अधिक गंभीर आहे. रघुजींची तलवार नोव्हेंबर १८१७ मधल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या हाती लागली असावी, असा अंदाज खरेदीच्या वेळी मांडला गेला. हा अंदाज आपल्याला मान्य असेल, तर आपण लुटीचा माल लुटारूच्या हाताखालून आलेल्या विक्रेत्याकडून बाजारभावाने घेतला. घेऊ नये असे मी म्हणत नाही. हातची गेली असती तर पुन्हा कुण्या खासगी तिजोरीत शंभर वर्षे बंद झाली असती. पण बोली लावण्याआधी लिलावगृहाला एक पत्र का गेले नाही? ही तलवार १८१७ पूर्वी कुणाकडे होती, नंतर कुणाकडे गेली, विक्रेत्याकडे कोणते कागद आहेत, ते दाखवा, आणि आमचे हक्क राखून आम्ही बोली लावत आहोत, एवढेच. असे पत्र गेले असेल तर ते प्रसिद्ध करावे. मी हे वाक्य आनंदाने मागे घेईन.

असे पत्र किती परिणाम करते ते त्याच आठवड्यात दिसले. पिप्रहवाच्या स्तूपात १८९८ साली बुद्धाच्या अस्थींसोबत सापडलेली रत्ने ७ मे २०२५ रोजी हाँगकाँगला लिलावात निघणार होती. दोन दिवस आधी केंद्र सरकारने कायदेशीर नोटीस दिली आणि लिलाव पुढे ढकलला गेला. जुलैअखेर ती रत्ने भारतात आली. तीही शेवटी एका भारतीय उद्योगसमूहाने पैसे मोजल्यावरच आली, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी फरक मोठा आहे. तिथे भारताने आधी ‘हे आमचे’ असे लेखी म्हटले आणि मग वाटाघाट केली. इथे आपण गिऱ्हाईक म्हणून गेलो आणि गिऱ्हाईक म्हणून परतलो. दर वेळी असेच केले तर मराठ्यांच्या हत्यारांचा भाव आपणच वाढवू, आणि घरात काही दडलेले असेल त्याला ते लिलावात काढायचा हुरूप येईल.

इथे कुणी विचारेल, पत्रे कसली लिहिता, सरळ लंडनच्या कोर्टात खटला का भरत नाही? याचे उत्तर जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी मिळून गेले आहे, आणि तेही मराठ्यांच्याच ऐवजाच्या खटल्यात. हा खटला आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

१८१८ मध्ये रायगड इंग्रजांच्या हाती गेला. निकालपत्रात ज्याचे नाव नारोबा गोविंद असे येते तो तिथला किल्लेदार. किल्ला खाली करण्याच्या कराराचा लाभ त्याला नाकारला गेला, पण पुण्यात आपल्या घरी पहाऱ्याखाली राहायची मुभा मिळाली. पुणे तेव्हा काही महिन्यांपासून निर्वेधपणे इंग्रजांच्या ताब्यात होते. लढाई दूर चालली होती आणि शहरात इंग्रजांनीच नेमलेली न्यायालये बसत होती. अशा वेळी दख्खनचे कमिशनर एल्फिन्स्टन यांच्या अमलात पुण्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रॉबर्टसन यांनी त्याचा मौल्यवान ऐवज जप्त केला. नारोबाच्या मागे त्याचे हक्क सांगणाऱ्यांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तो जिंकला. मुंबईतल्या इंग्रज न्यायाधीशांनाही वाटले की शांत शहरात, कोर्ट चालू असताना, एखाद्याच्या घरातून घेतलेला ऐवज ही युद्धातली लूट होऊ शकत नाही.

एल्फिन्स्टन आणि रॉबर्टसन लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाकडे, गेले. १८३० मध्ये निकाल फिरला. ही जप्ती शत्रूच्या मालाची जप्ती होती आणि तिच्यावर दिवाणी न्यायालयाला अधिकारच नाही, असे ठरले. शहर शांत होते, न्यायालये बसत होती, याने काही फरक पडत नाही, असेही ठरले. लक्षात घ्यावे की जप्ती योग्य होती असे कौन्सिलने म्हटले नाही; आम्ही त्यात पडणार नाही एवढेच म्हटले. पुढे तंजावरच्या भोसल्यांच्या राणीने नवऱ्यामागे जप्त झालेल्या मालमत्तेसाठी दावा केला, मद्रासच्या कोर्टात जिंकला, आणि १८५९ मध्ये पुन्हा लंडनला तसाच निकाल फिरला. गंमत अशी की किरवीच्या पेशव्यांचा १८५८ मध्ये लुटलेला खजिना कोणत्या फौजेने किती वाटून घ्यायचा, हे ठरवायला मात्र १८६६ मध्ये इंग्रज न्यायालय पूर्ण तयारीने बसले. वाटणीला अधिकारक्षेत्र होते, मालकाच्या तक्रारीला नव्हते.

त्यामुळे १८१७–१८ च्या लुटीसाठी तिथे थेट खटला भरला तर अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच तो पडेल, आणि शिवाय मुदतीचा कायदा आहेच. वस्तू राष्ट्रीय संग्रहालयात असेल तर आणखी एक कुलूप. ब्रिटिश म्युझियमचे हात १९६३ च्या कायद्याने आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचे १९८३ च्या कायद्याने बांधलेले आहेत. अगदी थोडे अपवाद सोडले तर विश्वस्तांना संग्रहातली वस्तू देऊनच टाकता येत नाही. नात्झींनी १९३९ मध्ये झेकोस्लोव्हाकियातल्या फेल्डमान यांच्या घरातून नेलेली चार चित्रे ब्रिटिश म्युझियमला परत करायची होती. २००५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितले की नैतिक जबाबदारी वाटत असली तरी कायदा आड येतो. मग २००९ मध्ये पार्लमेंटने खास नात्झी काळातल्या वस्तूंसाठी नवा कायदा केला. म्हणजे कुलूप उघडता येते, फक्त किल्ली न्यायालयाकडे नसून पार्लमेंटकडे आहे. तिथे जायचे तर घोषणा पुरत नाही. एकेका वस्तूची फाइल लागते.

जिथे असे कुलूप नाही तिथे फाइलच्या जोरावर काम होते. ग्लासगो शहराच्या संग्रहालयांना हे राष्ट्रीय कायदे लागू नाहीत. २०२२ मध्ये त्यांनी भारताच्या सात वस्तूंच्या हस्तांतरणाचा करार केला. त्यात मंदिरांतून चोरलेल्या वस्तूंबरोबर हैदराबादच्या निजामाच्या संग्रहातून गेलेली एक तलवारही होती. आणि फाइल कशी असते ते पाहायचे तर पाथूरच्या नटराजाचा खटला वाचावा. तमिळनाडूत पाथूर गावी पडक्या देवळाजवळ १९७६ मध्ये एका मजुराला जमिनीत नटराजाची कांस्यमूर्ती सापडली. ती चोरवाटेने लंडनला पोचली. १९८२ मध्ये कॅनडाच्या एका कंपनीने खोट्या कागदांवर विश्वास ठेवून ती अडीच लाख पौंडांना घेतली आणि पुढे पोलिसांनी जप्त केली. खटल्यात भारताच्या बाजूने त्याच जागी नंतर सापडलेल्या इतर मूर्ती पुढे आल्या, घडणीची तुलना झाली, मूर्तीला चिकटलेली माती आणि वाळवीच्या खुणा तपासल्या गेल्या. १९८८ मध्ये उच्च न्यायालयाने आणि १९९१ मध्ये अपील न्यायालयाने भारताच्या बाजूने निकाल दिला. पडके देऊळही इंग्लंडमध्ये पक्षकार होऊ शकते, हेही मान्य झाले. कंपनीने प्रामाणिकपणे पैसे मोजले होते. तरी मूर्ती परत आली.

तिसरी तक्रार, आणि माझ्या मते सर्वांत तातडीची, जे अजून आपल्याकडे आहे त्याबद्दल.

युद्धकाळात सांस्कृतिक मालमत्तेचे रक्षण करण्याचा १९५४ चा हेग करार आणि त्याचा पहिला पूरक करार भारताने १९५८ मध्येच मान्य केला. पहिल्या पूरक कराराचा मथितार्थ असा: व्यापलेल्या प्रदेशातून नेलेल्या वस्तू युद्ध संपल्यावर परत करायच्या, आणि युद्धाची भरपाई म्हणून त्या कधीही ठेवून घ्यायच्या नाहीत. ब्रिटनने मूळ करार मान्य करायला २०१७ साल उजाडले. हे करार मागे जाऊन लागू होत नाहीत, म्हणून साताऱ्याच्या १८१८ ला त्यांचा उपयोग नाही. पण पुढच्या कुठल्याही प्रसंगाला आहे, आणि त्यात शांततेच्या काळात तयारी करण्याची जबाबदारी ज्याचा माल त्याच्यावर टाकली आहे. १९९९ च्या दुसऱ्या पूरक करारात ही तयारी नावानिशी सांगितली आहे: सूची, आग किंवा पडझडीच्या वेळची योजना, हलवता येण्याजोग्या वस्तू कुठे हलवायच्या आणि जबाबदार अधिकारी कोण. या दुसऱ्या करारात भारत अजून सामील झालेला नाही.

सूचीवर मी का अडून बसले आहे? चोरीच्या वस्तूंबाबतचा १९७० चा युनेस्को करार भारताने १९७७ मध्ये मान्य केला. त्यातले परत करण्याचे कलम संग्रहालय, धार्मिक स्थळ किंवा तत्सम संस्थेतून चोरलेल्या वस्तूला लागते, पण ती वस्तू त्या संस्थेच्या सूचीत नोंदलेली होती हे सिद्ध झाले तरच. आमच्या देवळातला पट्टा त्या कलमात बसत नाही. तो खरा होता, जुना होता, सगळ्या गावाचा होता, आणि तरी बसत नाही. आपला १९७२ चा पुरावस्तू कायदाही इथे तोकडा पडतो. त्यातली नोंदणीची सक्ती मुख्यतः शिल्पे, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक प्रकारांना आहे. देवळांच्या आणि वाड्यांच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलेली शस्त्रे त्यातून निसटतात, आणि साताऱ्याचा निम्मा इतिहास तर त्यांतच आहे.

युद्धात सूची काय करते, याचे ताजे उदाहरण युक्रेनच्या खेरसोन शहराचे आहे. माघार घेण्यापूर्वी, ऑक्टोबर–नोव्हेंबर २०२२ मध्ये, रशियन बाजूने तिथले कलासंग्रहालय रिकामे केले आणि दहा हजारांवर कलाकृती ट्रकांतून नेल्या. काही दिवसांत क्रिमियातल्या सिम्फेरोपोल इथल्या संग्रहालयात त्या उतरवल्याची छायाचित्रे बाहेर आली. खेरसोनच्या संग्रहाची डिजिटल नोंद वाचलेली होती. तिथले कर्मचारी त्या नोंदीशी पडताळून एकेक चित्र ओळखत गेले आणि ओळख पटली तशी जाहीर करत गेले. चित्रे अजून परत मिळालेली नाहीत, कागद तोफेला थोपवत नाही. पण त्यांतले एखादे चित्र कुठल्याही तिसऱ्या देशात विकायला निघाले तर विकत घेणाऱ्याला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येणार नाही. आम्हाला आमच्या पट्ट्याबद्दल हे म्हणता येत नाही, कारण आमच्याकडे पडताळायलाच काही नाही.

सातारा सीमेपासून दूर आहे, इथे कसले युद्ध, असे कुणी म्हणेल. कोयनेचे धरण आणि त्याच्या पायथ्याचे वीजकेंद्र याच जिल्ह्यात आहे, आणि विजेची केंद्रे आजच्या युद्धांत सर्वांत आधी निशाण्यावर येतात. शिवाय ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्यांनी पाहिला त्यांना भिंत कोसळायला बॉम्ब लागत नाही हे सांगावे लागत नाही. सूची आणि हलवाहलवीची योजना दोन्ही वेळी तीच लागते. औंधच्या टेकडीवरचे श्री भवानी संग्रहालय घ्या. पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उघडलेल्या त्या वास्तूत रविवर्म्याची चित्रे आहेत, हेन्री मूरचे शिल्प आहे, हस्तिदंती काम आहे. आपत्तीच्या रात्री पहिल्या तासात यातल्या कोणत्या वीस वस्तू उचलायच्या, कोणी, कोणत्या गाडीत, कुठे न्यायच्या, हे त्या रात्री ठरवता येत नाही. वाईच्या पोथ्यांबद्दल आणि गावोगावच्या देवळांबद्दलही तोच प्रश्न आहे.

नोंद कशी हवी, तेही सांगते, कारण ‘नमुना नाही’ हे उत्तर मी पुन्हा ऐकणार नाही. जगभरच्या संग्रहालयांत आणि पोलिसांत ऑब्जेक्ट आयडी नावाचा साधा नमुना चालतो. वस्तूचा प्रकार, धातू किंवा साहित्य, मापे, लिहिलेला मजकूर व खुणा, ओळख पटवणारी वैशिष्ट्ये, काळ, घडवणारा, आणि छायाचित्रे. एका पानात मावते. दांडपट्ट्याच्या बाबतीत म्हणजे: टोकापासून खोबळ्यापर्यंत लांबी, पात्याची रुंदी, खोबळ्यावरची नक्षी, आतली मूठ, अक्षरे असतील तर जशीच्या तशी, आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी ठेवून. यात सर्वांत जास्त कामाचे असते ते व्यंग. एकाच लोहाराच्या हातचे दोन पट्टे सारखे असू शकतात, पण टोकापासून अमुक अंतरावर पडलेला खाचा, मुठीला नंतर मारलेला पितळी खिळा, गंजाचा विशिष्ट डाग, हे दुसऱ्या पट्ट्यावर जुळून येत नाहीत. चोर पात्याला पॉलिश करील, पण खाचा भरला तरी तपासणीत दिसतो. म्हणून स्वच्छ, सुंदर फोटोपेक्षा व्यंगाचा जवळून घेतलेला फोटो कोर्टात अधिक बोलतो.

लोक नोंद का करत नाहीत, हेही आपण ऐकून घ्यावे. आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनी मला सरळ सांगितले: ‘नोंद केली की सरकार उचलून नेईल.’ दुसरी भीती चोरांची. यादी फुटली की कुठल्या देवळात काय आहे ते जगाला कळेल. दोन्ही भीती रास्त आहेत. म्हणून नोंदीने मालकी बदलत नाही असा लेखी भरवसा हवा, आणि यादी जिल्हा पातळीवर बंद ठेवून फक्त वस्तू चोरीला गेली तरच उघड करण्याची पद्धत हवी.

आता मागण्या.

वाघनखांच्या कराराची पूर्ण प्रत प्रसिद्ध करावी. मुदत संपण्यापूर्वी, वस्तू परत देताना किंवा मुदत वाढवताना, मालकीच्या प्रश्नावर महाराष्ट्राचे हक्क राखून ठेवल्याचे पत्र द्यावे. परदेशाशी दावा करण्याचा अधिकार केंद्राचा आहे, म्हणून ते पत्र केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयामार्फत जावे.

लिलावाबाबत एक नियम करावा. मराठा राज्यांशी संबंधित वस्तू परदेशी लिलावाच्या यादीत दिसली की बोलीच्या आधी लिलावगृहाला आणि केंद्राला नोटीस जाईल, आणि १८१७ ते १८५८ या काळात ती वस्तू कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली याचे कागद मागितले जातील. खरेदी करायचीच झाली तर हक्क राखून करावी, आणि तसे पावतीवर लिहून घ्यावे.

मोडी वाचणाऱ्या आणि इंग्रजी दप्तरे वाचणाऱ्या माणसांची एक लहान तुकडी नेमावी. पुण्याच्या पुराभिलेखागारातली पेशवे आणि सातारकर महाराजांची कागदपत्रे एका बाजूला, आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची दप्तरे दुसऱ्या बाजूला. दख्खनच्या लुटीच्या निधीचे विश्वस्त खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टन होते. इतक्या वर्षांच्या हिशेबाच्या भांडणात कागद निर्माण झाले नसतील हे शक्य नाही. आपल्या शिलेखान्याच्या आणि जामदारखान्याच्या नोंदी त्या हिशेबांशी ताडून लूट, नजराणा आणि विक्री अशा तीन वेगळ्या याद्या कराव्यात. पहिल्या यादीतल्या, कागद पक्का असलेल्या मोजक्या वस्तूंपासून मागणीला सुरुवात व्हावी, आणि ती आधी अशा संग्रहालयांकडे जावी ज्यांचे हात कायद्याने बांधलेले नाहीत.

सातारा जिल्ह्यापासून सुरुवात करून देवळे, वाडे आणि लहान संग्रहांतल्या शस्त्रांची, पोथ्यांची आणि मूर्तींची वर सांगितलेल्या नमुन्यात नोंद घ्यावी. तलाठी, ग्रामसेवक आणि कॉलेजची इतिहास शिकणारी मुले हे काम करू शकतात. फोन आणि मोजपट्टी पुरते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात संग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण घालावे.

१९९९ च्या दुसऱ्या पूरक करारात भारताने सामील व्हावे, अशी शिफारस राज्य सरकारने केंद्राला लेखी करावी.

या पत्राचे उत्तर मला खासगीत नको. जिथे वाघनखांच्या प्रदर्शनाची जाहिरात झाली होती, त्याच वर्तमानपत्रांत ते छापावे. आमच्या गावातल्या उरलेल्या दोन तलवारी आणि कट्यार यांची नोंद मी स्वतः करून ठेवली आहे, व्यंगांसकट. खात्याने आपला नमुना जाहीर केला की पहिले तीन अर्ज आमच्या देवळाचे असतील.

आपली,
जिल्हा न्यायालयातील एक वकील,
सातारा